नाव-लिंग वगळल्याने पक्षपात जातो का?

«नोकरीच्या अर्जातून नाव आणि लिंग काढून टाकले, तर अर्ज चाळणारे यंत्र पक्षपात कशाच्या आधारे करणार?»

उरलेल्या मजकुराच्या आधारे. ॲमेझॉनने 2014 च्या सुमारास अर्ज चाळणारी प्रणाली बांधायला घेतली आणि तिला मागील दहा वर्षांचे अर्ज शिकवले, जे बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी, ‘महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार’ अशा नोंदीतील ‘महिला’ या शब्दामुळेच अर्जाचे गुण घटू लागले. ते शब्द निष्प्रभ केले, तरी यंत्र भेदभावाची दुसरी वाट शोधणार नाही याची खात्री देता येईना आणि अखेर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला.

म्हणून यंत्राला काय दाखवले यापेक्षा त्यातून काय बाहेर पडले, हे मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, 200 पुरुषांपैकी 60 आणि 100 स्त्रियांपैकी 18 जणी पुढे गेल्या, तर निवडीचे प्रमाण अनुक्रमे 30 आणि 18 टक्के होते. 18 ला 30 ने भागल्यास 0.6 येतात. अमेरिकेतील 1978 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे गुणोत्तर 0.8 पेक्षा कमी असेल, तर निवडपद्धतीवर संशय घेण्यास जागा आहे. अर्थात तो अंतिम पुरावा नव्हे.

नोकरभरतीतील अशा यंत्रांविषयीच्या न्यूयॉर्क शहराच्या कायद्यात अशी तपासणी दरवर्षी करून तिचा सारांश जाहीर करणे आणि यंत्र वापरले जाणार असल्याचे उमेदवाराला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी कळवणे बंधनकारक आहे. मात्र नाकारलेल्या व्यक्तीला तिचा स्वतःचा अर्ज का गळाला, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.