शब्दचर्चा: ‘लॅमिनेटेड कोअर’ मराठीत कसं लिहावं?

भाषांतरवाली: ट्रान्सफॉर्मरच्या देखभाल-पुस्तिकेचं मराठी करतेय. ‘लॅमिनेटेड कोअर’साठी ‘पटलित गाभा’ आणि ‘एडी करंट’साठी ‘आवर्त प्रवाह’ असं सुचवलं गेलंय. वाचणारे वायरमन आणि आयटीआयची मुलं आहेत. चालेल का?

शून्य_भार: ‘पटलित’ वाचून कुणालाच काही कळणार नाही. दुकानात स्टॅम्पिंग म्हणतात, कारखान्यात लॅमिनेशन. ‘पातळ पत्र्यांचा गाभा’ लिहा. ‘आवर्त’ म्हटलं की मुलांना आवर्तसारणी आठवते, म्हणून माझं मत ‘भोवरा-प्रवाह’ला.

अर्धा_फेज: पत्र्यांवर वार्निश असतं, त्यामुळे भोवरा-प्रवाह बंदच पडतो. मग ‘विलग पत्र्यांचा गाभा’ का नको?

शून्य_भार: बंद पडत नाही हो, प्रत्येक पत्र्यात छोटा भोवरा फिरतच राहतो. एका वेढ्याला 10 व्होल्ट आणि गाभ्यात 0.27 मिमीचे सातशे पत्रे धरा. लोखंड सलग असतं तर त्याच्या कडेकडेने जवळपास पूर्ण 10 व्होल्टचा दाब प्रवाह फिरवत राहिला असता. पत्रे वेगळे केले की प्रत्येकाच्या वाट्याला चुंबकीय प्रवाहाचा सातशेवा हिस्सा येतो, म्हणजे जेमतेम 15 मिलिव्होल्ट. म्हणून दोन-चार मायक्रॉनचा लेपही पुरतो. पत्रा निम्म्या जाडीचा केला तर दर किलोमागे हा व्यय चौथा हिस्सा होतो. सुमारे 3 टक्के सिलिकॉन घातलेल्या पोलादाचा रोधही साध्या लोखंडाच्या चौपटीहून जास्त असतो, त्याची मदत वेगळी. हिस्टेरेसिसचा व्यय मात्र पत्रे करून हटत नाही. तेव्हा ‘विलग’ म्हणा, पण ‘प्रवाह थांबतो’ असं पुस्तिकेत लिहू नका.

इन्व्हर्टर_दुरुस्ती: शब्दांचं तुम्ही बघा, माझं वेगळंच आहे. इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला. आता तो गुणगुणतो आणि लोड नसतानाही तापतो. भोवऱ्यामुळेच गुणगुणतो ना?

शून्य_भार: गुणगुणणं वेगळं. चुंबकत्वाने पत्रे किंचित लांब-आखूड होतात, 50 हर्ट्झला सेकंदाला शंभर वेळा. त्यात गठ्ठा सैल असेल तर आवाज वाढतो. तापतं मात्र का, ते बघायला हवं. बांधताना काय केलंत?

इन्व्हर्टर_दुरुस्ती: बॉबिन बसेना म्हणून मधल्या पायाच्या दोन्ही बाजू कानशीने घासल्या. आणि गठ्ठा हलू नये म्हणून बाहेरून डावी-उजवीकडे वेल्डिंगची एकेक रेघ मारली.

अर्धा_फेज: झालं! वेल्डिंगने सगळे पत्रे जोडले गेले. तेच कारण.

शून्य_भार: थांबा, प्रवाह फिरायला बंद वाट लागते आणि त्या वाटेच्या आतून चुंबकीय प्रवाह जावा लागतो. या दोन वेल्डच्या मधे तिन्ही पाय येतात. मधल्यातून जेवढा चुंबकीय प्रवाह वर जातो तेवढाच कडेच्या दोघांतून खाली येतो, म्हणजे बेरीज शून्य. म्हणूनच कारखान्यातले कितीतरी छोटे ट्रान्सफॉर्मर असे वेल्ड केलेले असून थंड चालतात.

गोची कानशीची आहे. घासताना पोलाद लेपावरून ओढलं जातं आणि शेजारच्या पत्र्याला चिकटतं. एकाच बाजूला असं झालं तर फारसं बिघडत नाही, कारण परतीची वाट नसते. तुम्ही दोन्ही बाजू घासल्या. आता मधला पाय विजेच्या दृष्टीने सलग ठोकळ्यासारखा वागतोय, आणि सगळा चुंबकीय प्रवाह त्यातूनच जातो.

आधी दुय्यम बाजू मोकळी ठेवून पुरवठा द्या आणि वॉटमीटर बघा. वॉट जास्त असतील आणि गाभा गुंडाळीआधी तापत असेल, तर दोष पत्र्यांत आहे. गुंडाळीच आधी तापली तर वेढे शॉर्ट असतील, मग पत्रे उगाच काढू नका.

पत्रे काढावेच लागले तर वेल्ड कापा, एकेक पत्र्याची कड बारीक पॉलिशपेपरने लांबीच्या दिशेने हलकेच साफ करा आणि कडेवरची धस सगळ्यांची एकाच बाजूला ठेवून रचा. एखादा पत्रा उलटा पडला तर धस धशीला भिडते. शेवटी वार्निश. बॉबिन अडत असेल तर दोन पत्रे कमी घाला, कानस नको.

इन्व्हर्टर_दुरुस्ती: वॉटमीटर नाही, क्लॅम्पमीटर आहे. त्याने भागेल?

शून्य_भार: त्याने नुसते अँपिअर कळतील. बिनभाराच्या प्रवाहात बराचसा भाग चुंबकत्वासाठीच असतो, त्यामुळे वॉटचा अंदाज चुकतो. कुणाचं तरी उसनं आणा.

भाषांतरवाली: ‘पातळ पत्र्यांचा गाभा’ ठरलं. ‘भोवरा-प्रवाह’ला संपादकांचा विरोध आहे, त्यांना ‘एडी करंट’च हवं.

अर्धा_फेज: संपादकांशी पहिल्यांदाच सहमत. मीटरवाला माणूस भोवरा म्हणत नाही.

शून्य_भार: म्हणत नाही, पण पहिल्यांदा ऐकला तरी चित्र डोळ्यांपुढे येतं. दोन्ही लिहा, पहिल्या पानावर एकदा.