इमामचा वुजू नव्हता हे मगरिबला कळलं. आमची असर झाली की गेली?

खाडीकाठचा: काल इमामसाहेबांनी मगरिबच्या जमातीनंतर सांगितलं, "असरला माझा वुजू नव्हता, विसरलो. सगळ्यांनी असर परत पढा." ते हनफी. गावातले आम्ही बहुतेक शाफई, कामाला आलेले दहा-बारा जण हनफी. म्हातारी मंडळी म्हणतात, परत पढायची गरज नाही. खरं काय?

मिरजवाला: यात वाद कसला? इमामची नमाज गेली की मागच्यांचीही गेली. इंजिन घसरलं तर डबे पोचतात का?

जुना_मुक्तदी: मिरजवाले, हे हनफी मसलकात बरोबर, पण सगळ्यांना लागू नाही. हनफींचा आधार "इमाम जामिन आहे" ही हदीस, ती अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. मुक्तदीची नमाज इमामच्या नमाजेवर उभी असते, म्हणून तुमच्याकडच्या हनफींनी असर परत पढायची आणि इमामनं सांगितलं तेही योग्यच. शाफई म्हणतात, दुसऱ्याचा वुजू डोळ्यांना दिसत नाही, मग जे कळणं शक्यच नव्हतं त्याचा बोजा मुक्तदीवर का? हजरत उमर यांनी फजर पढवली, नंतर जुरुफला गेल्यावर कपड्यावर डाग दिसला. गुस्ल करून त्यांनी स्वतःची नमाज परत पढली. मुवत्ताच्या त्या रिवायतीत लोकांना परत पढायला लावल्याचं येत नाही. इमामची स्वतःची नमाज मात्र दोन्हीकडे परत. आणि इमामला फातिहाच नीट पढता येत नाही असं निघालं, तर शाफईंकडेही मागच्यांनी परत पढायची.

खाडीकाठचा: आमच्यातल्या एकानं त्यांना संडासातून थेट मुसल्ल्यावर जाताना पाहिलं होतं. भिडेपोटी बोलला नाही.

जुना_मुक्तदी: वुजू नाही हे त्याला ठाऊक होतं, तर त्याची नमाज कुठल्याच मसलकात नाही. नुसता संशय असेल तर गोष्ट वेगळी. आधी त्याला नीट विचारा.

रत्नागिरीचा_चाचा: माझा पुतण्या हाफिज आहे, वय अकरा. तरावीह पढवू देत नाहीत. त्याचाही निकाल लावा.

जुना_मुक्तदी: चाचा, तो वेगळा मसला. शाफईंकडे समजत्या मुलामागे फर्जही होते, अम्र बिन सलमा सहा-सात वर्षांचे असताना इमाम होते. हनफींकडे फर्ज नाहीच, तरावीहलाही बहुतेकांचा नकार.

मिरजवाला: बरं, मग इमाम शाफई आणि नाकातून रक्त वाहिलं तर? आमच्याकडे वुजू तुटतो, त्यांच्याकडे नाही. मी मागे उभा राहू का?

जुना_मुक्तदी: शाफई ग्रंथ अशा वेळी मुक्तदीची समजूत धरतात. त्यामुळे हनफी इमामनं फस्द करून रक्त काढलं असेल तरी शाफई मागे उभा राहू शकतो. पण बायकोला हात लावून वुजू न करता आलेल्या हनफीमागे तो नाही. तुमच्या बाजूनं पाहिलं तर हनफी आलिमांतच दोन मतं आहेत.

मिरजवाला: म्हणजे माझं उत्तर मिळालंच नाही. मी बाजूला उभा राहून एकटा पढेन.

रत्नागिरीचा_चाचा: आणि जमातीचा सवाब?