शाळेच्या छपरासाठी आवाहनाची चित्रफीत: निवेदन किती असावे आणि कोणाच्या आवाजात?

पाचपाखाडीकर (धागाकर्ती)
आमच्या गटाने शहापूर तालुक्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी तीन मिनिटांची चित्रफीत करायला घेतली आहे. हाताशी ४० छायाचित्रे आणि मोबाइलवर घेतलेले ९ छोटे व्हिडिओ आहेत. दोन वर्गखोल्यांचे पत्रे गळतात, त्यामुळे पावसाळ्यात पहिली ते चौथीची सगळी मुले एकाच कोरड्या खोलीत बसतात. ६४ पत्रे बदलण्याचा मजुरीसह अंदाज १,९२,००० रुपये आहे. मी लिहिलेले निवेदन साडेसहाशे शब्दांचे असून त्याची सुरुवात ‘या निरागस डोळ्यांत दडली आहेत उद्याची स्वप्ने’ अशी आहे. गटात काहींना ते भावपूर्ण वाटते, तर काहींना जड. आपले मत सांगावे.

ऐरोलीचा संकलक
आधी हिशेब मांडतो, कारण निम्मा वाद त्यातच मिटेल. सावकाश, ऐकणाऱ्याच्या मनात उतरेल अशा गतीने वाचलेल्या मराठी निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे १८० सेकंद अखंड बोलत राहिलात तरी ३६० शब्दांपुढे जाता येत नाही. शिवाय तीन मिनिटे सतत कानावर पडणारा आवाज कोणी ऐकत नाही, म्हणून एक तृतीयांश वेळ चित्राला आणि मूळ आवाजाला सोडला, तर आपल्या हाती सुमारे २४० शब्द उरतात. चित्रांनाही हाच न्याय लावावा लागेल. प्रत्येकी पाच सेकंदांची १८ छायाचित्रे म्हणजे ९० सेकंद, प्रत्येकी आठ सेकंदांचे ९ व्हिडिओ म्हणजे ७२ सेकंद, आणि उरलेले १८ सेकंद शेवटी रक्कम व खात्याचा तपशील स्थिर दिसावा यासाठी. म्हणजे २२ छायाचित्रे गाळावी लागतील आणि त्याला पर्याय नाही.

आता शब्दांविषयी. डोळे छायाचित्रात दिसतच आहेत. निवेदनाने पुन्हा तेच सांगितले की प्रेक्षक एकच गोष्ट दोनदा ऐकतो आणि नवे काहीच त्याच्या हाती लागत नाही. छायाचित्राला जे सांगता येत नाही, ते निवेदनाचे काम आहे. गळक्या पत्र्याचे छायाचित्र पडद्यावर असताना ‘छप्पर गळते’ म्हणू नका. ‘जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चार इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि बाई एका फळ्याचे चार भाग करून शिकवतात’ असे काहीतरी म्हणा, अर्थात ते खरे असेल तर. असे वाक्य आपल्याला घरबसल्या सुचणार नाही, ते बाईंना फोन करूनच मिळेल. माझा सल्ला असा की, पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि त्यात बुडालेला पाढ्यांचा आवाज अशी चित्रणे असतील, तर पहिले आठ सेकंद निवेदन अजिबात नको.

खारघरच्या ताई
मी याच्याशी सहमत नाही. गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीने एका आश्रमशाळेसाठी अशीच चित्रफीत सभागृहात दाखवली. तिच्यात आकडे होते, मागण्या नीट मांडल्या होत्या, पण लोक चहाला उठले. माणूस पैसे देतो ते मन हलल्यावर. निवेदकाचा स्वर ओला असला पाहिजे, पार्श्वभूमीला बासरी हवी आणि एका तरी मुलाची कहाणी नावानिशी सांगितली पाहिजे. हिशेब नंतर पत्रकातही देता येतो.

ऐरोलीचा संकलक
एका मुलाची कहाणी हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप ओल्या स्वराला आहे. निवेदक स्वतःच हळवा झाला की ऐकणाऱ्याला हळवे होण्यासाठी जागाच उरत नाही. बासरी ठेवायची असेल तर निवेदन सुरू होताच ती इतकी खाली आणा की फोनच्या छोट्या स्पीकरवरही प्रत्येक शब्द सुटा ऐकू येईल. संगणकाला चांगले हेडफोन लावून केलेला मेळ फोनवर हमखास बिघडतो. पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून निवेदनाच्या ओळी पडद्यावरही द्या.

घोडबंदरचा वाचक
मुळात सरकारी शाळेचे छप्पर दुरुस्त करणे हे जिल्हा परिषदेचे काम आहे. आपण वर्गणी काढली की प्रशासन निर्धास्त होते. शिवाय पैसे नक्की कोणाच्या खात्यात जाणार? हे कळल्याशिवाय मी एक रुपयाही देणार नाही.

कळव्याचे निवृत्त गुरुजी
घोडबंदरच्या वाचकांनी निवेदनाविषयी काही म्हटलेले नाही, पण त्यांचे दोन्ही प्रश्न प्रत्येक देणगीदाराच्या मनात असतात. म्हणून निवेदनातच त्यांची दोन वाक्यांत उत्तरे द्यावीत. दुरुस्तीचा प्रस्ताव कधी दिला आणि तो कुठवर आला, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जाणार असतील तर तसे स्पष्ट सांगा. देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळेल असे मोघम बोलू नका; ज्या संस्थेकडे देणगी जाणार तिच्याकडे ती मान्यता असेल तरच ते वाक्य ठेवा.

ताईंना नम्रपणे सांगतो की मुलाचे नाव आणि त्याच्या घरची ओढगस्त एकत्र सांगू नये. ही चित्रफीत आठवड्याभरात त्याच गावातल्या फोनवर पोहोचणार आहे, मुलाचे आईवडील ती पाहणार आहेत आणि वर्गातली पोरे त्याला त्यावरून चिडवणार आहेत. पालकांची लेखी संमती घ्या आणि मूल काय करते ते दाखवा: दप्तर भिजू नये म्हणून ते खताच्या गोणीत घालून आणणारी मुलगी पुरेशी बोलकी आहे, तिचे नाव नसले तरी चालेल.

संकलकांच्या पावसाच्या आवाजाविषयी मात्र मला शंका आहे. मी पत्र्याखाली वर्षानुवर्षे शिकवले आहे. पत्रा नवा असला तरी पावसात तितकाच वाजतो. त्या आवाजाने सुरुवात केलीत, तर पाहणारा समजेल की आपल्या पैशांनी हा गोंगाट थांबणार आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात आपण दिलेला शब्द खोटा ठरेल.

ऐरोलीचा संकलक
गुरुजींचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही निवेदनाविना सुरुवात करण्याची कल्पना मी टाकून देणार नाही. पत्र्यावरच्या पावसाऐवजी जमिनीवर ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या थेंबांचे जवळून घेतलेले चित्रण असल्यास ते सुरुवातीला घ्या, कारण नव्या पत्र्याने थांबणार आहे ते हेच.

नेरूळची प्राध्यापिका
निवेदन कोणाच्या आवाजात असावे, हे अजून कोणी बोललेले नाही. ठाण्यातल्या घोटीव, सफाईदार आवाजाने त्या मुलांविषयी बोलणे मला खटकते. बाईंनीच बोलावे, त्यांच्या बोलीत, मधे अडखळल्या तरी चालेल.

कळव्याचे निवृत्त गुरुजी
बाई नोकरीत आहेत. परवानगीशिवाय पैशांचे आवाहन त्यांच्या तोंडी घालू नका, त्यांना त्रास होईल. त्यांनी वर्गाचे वर्णन करावे, मागणी गटातल्या कोणीतरी करावी.

पाचपाखाडीकर (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. बादलीचे चित्रण आहे, आणि गोणीतल्या दप्तराचे छायाचित्रही सापडले. नवा मसुदा २३१ शब्दांचा झाला आहे. त्याचा शेवट असा: ‘दोन खोल्यांना ६४ पत्रे लागतात. साहित्य आणि मजुरी धरून एका पत्र्यामागे ३,००० रुपये येतात. आपण एक पत्रा द्यावा, अशी विनंती आहे.’

खारघरच्या ताई
‘एक पत्रा द्यावा’ हे छान आहे, हे मान्य. पण ज्यांना ५०० रुपयेच देता येतात, त्यांना हे वाक्य परत पाठवते.

ऐरोलीचा संकलक
मग ‘एक पत्रा, किंवा एका पत्र्यातला वाटा’ असे म्हणता येईल, पण त्याने मागणी सैल होते. मी पहिलेच वाक्य ठेवीन आणि छोट्या रकमेची ओळ पडद्यावर लिहीन.

खारघरच्या ताई
पडद्यावरची ओळ आमच्या सोसायटीतल्या आजी वाचत नाहीत. त्यांना कानाने ऐकू आले पाहिजे.

नेरूळची प्राध्यापिका
बाईंच्या परवानगीचे काय ठरले, ते कळवावे. परवानगी मिळाली तरी मसुद्यातला वर्गाच्या वर्णनाचा भाग त्यांना वाचायला देऊ नका. प्रश्न विचारा आणि त्यांच्या उत्तरांतूनच तो भाग पुन्हा बांधा.