मदत हवी आहे: आईच्या शेवटच्या दाढेला कॅप कसली बसवावी?

डिचोलीकर
नमस्कार. आई 58 वर्षांची आहे. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनल झालंय. डॉक्टरांनी झिरकोनिया, मेटल-सिरॅमिक आणि पूर्ण धातूची अशा तीन कॅप दाखवून ठरवायला सांगितलंय. दाढ आखूड आहे, कोरल्यावर वर जेमतेम एक मिमी जागा मिळेल म्हणाले. आई रात्री दात खाते. समोरची वरची दाढ तिची स्वतःची आणि चांगली आहे, ती झिजू नये एवढीच काळजी. तिला नकली कानातल्यांनी खाज सुटते, त्याचा इथे संबंध येतो का?

शुभ्रा_मडगाव
मेटल-सिरॅमिक मुळीच नको! माझ्या पुढच्या दाताच्या कॅपला हिरडीपाशी काळी रेघ दिसते. फोटोत हसायची चोरी झालीय. झिरकोनियाच घ्या.

माडाखाली
शुभ्राताई, शेवटच्या दाढेची रेघ कोणाला दिसणार? झिरकोनिया आपल्या इनॅमलपेक्षा कितीतरी पट कठीण असतं, ते वरची दाढ खाऊन टाकेल. सिरॅमिक मऊ, म्हणून मेटल-सिरॅमिक बरं.

दंतवैद्य_म्हापसा
कठीणपणाचं बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. समोरचा दात झिजतो तो मुख्यतः पृष्ठभागाच्या खरखरीतपणामुळे. चांगलं पॉलिश केलेलं झिरकोनिया इनॅमलला मेटल-सिरॅमिकच्या वरच्या पोर्सेलिनपेक्षा कमी घासतं. पोर्सेलिनची चकाकी वापराने उडते, खालचे कण उघडे पडतात आणि मग ते सॅंडपेपरसारखं काम करतं.

झिरकोनियाचा घोटाळा बहुतेकदा कॅप बसवायच्या दिवशी होतो. निळा कागद चावायला दिला, कॅप उंच लागली, डॉक्टरांनी हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने, म्हणजे बरने, तो भाग उतरवला आणि तशीच चिकटवली, की तो भाग खरखरीत राहतो. नुसत्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या पातळ थरावरही भरवसा नको, ते काही महिन्यांत चावण्याच्या जागी निघून जातं. घासणं झाल्यावर झिरकोनियाच्या पॉलिशिंग रबरने जाड ते बारीक असा क्रम पाळून पुन्हा चकाकी आणायला हवी. ओळखायचं कसं? कॅप कोरडी करून दिव्याखाली धरली की घासलेला ठिपका मंद दिसतो, बाकीचा भाग चमकतो. चिकटवण्याआधी हे बघायला सांगा.

आता आईचं. मेटल-सिरॅमिकला वर दीड ते दोन मिमी लागतात, कारण धातू, त्यावर धातूचा रंग झाकणारा ओपेक आणि वर पोर्सेलिन असे थर बसवायचे असतात. एका मिमीत बसवलं तर पोर्सेलिन पातळ राहतं किंवा कॅप उंच होते. दात खाणाऱ्या माणसाचं पोर्सेलिन मग कोपऱ्यात टवका उडून जातं, आतला धातू दिसतो, जिभेला टोचतो. म्हणून मी हा पर्याय पहिलाच बाद करीन. उरलेल्यांत माझी पसंती एकसंध, थर न लावलेल्या झिरकोनियाला. एक मिमी त्याला पुरतं. फक्त जास्त पारदर्शक प्रकार नको, त्याची ताकद कमी असते. इथे दिसण्याला महत्त्व नाही, जुना घट्ट पांढरा प्रकारच मागा.

लॅबमधला
डॉक्टर, दाढ आखूड आहे हे विसरू नका. कोरलेल्या दाढेची उंची चार मिमीपेक्षा कमी असेल तर कॅप फुटण्याआधी सुटते. पूर्ण धातूला एक मिमी भरपूर, कडेला अर्ध्या मिमीतही काम भागतं, म्हणजे दाढ कमी कोरावी लागते आणि धरायला जास्त उंची मिळते. मी धातूच सुचवीन. सोन्याचा मिश्रधातू समोरच्या दाताला सगळ्यांत जपतो, पण खर्च फार.

कानातल्यांची खाज निकेलची असू शकते. आमच्याकडे स्वस्त धातूच्या बऱ्याच कॅप निकेल-क्रोमच्या निघतात. धातू घ्यायचा तर कोबाल्ट-क्रोम, तोही निकेल नसलेला, आणि मिश्रधातूचं नाव लॅबच्या चिठ्ठीवर लिहून मागा.

दंतवैद्य_म्हापसा
आखूडपणाचा मुद्दा मान्य. झिरकोनियाच घेतलं तर आतून अल्युमिनाची बारीक पूड जोराने मारून, सिमेंटची पकड वाढवणाऱ्या झिरकोनियाच्या प्रायमरने, रेझिन सिमेंटने चिकटवावं. तोंडात घालून बघितलेली कॅप लाळेने माखते, ती साफ केल्याशिवाय प्रायमर पकडत नाही. आणि फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नये, त्याने पकड उलट बिघडते. निकेलची शंका असताना मात्र मी धातूपासून लांबच राहीन.

डिचोलीकर
म्हणजे मेटल-सिरॅमिक बाद. उरलेल्या दोनांत तुमचं दोघांचं जुळत नाही. काय विचारून ठरवू?

लॅबमधला
कोरल्यावर दाढेची उंची किती राहील ते मोजायला सांगा. चार मिमी असेल तर डॉक्टरांचं झिरकोनिया चालेल. तीन असेल तर हिरडी थोडी उतरवून उंची वाढवता येते का, तेही विचारा.

दंतवैद्य_म्हापसा
आणि निकेलची चाचणी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच लावून होते, ती आधी करून घ्या. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दुसरं मतही घेता येईल. कॅप कुठलीही असो, रात्री दात खाण्यासाठी कडक नाइटगार्ड लागेलच. त्याचं माप कॅप बसल्यावर द्या, आधी दिलं तर ते नीट बसणार नाही.

माडाखाली
नाइटगार्ड असेल तर मेटल-सिरॅमिकही टिकेल ना?

लॅबमधला
रात्री वाचेल. पण दिवसा सुपारी फोडायची सवय असेल तर?