आखूड पाय, लांब नाक: इटालियन कोटी मराठीत आणताना समजवायची, बदलायची की गाळायची?

मृण्मयी
कोल्लोदीचं ‘पिनोक्कियो’, म्हणजे खोटं बोललं की नाक लांबणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट, मूळ इटालियनवरून मराठीत आणते आहे, आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. सतराव्या प्रकरणात अडले. परी पिनोक्कियोला म्हणते, खोटं दोन प्रकारचं असतं, एक आखूड पायांचं आणि एक लांब नाकाचं. तुझं लांब नाकाचं. ‘खोट्याचे पाय आखूड’ ही इटलीत सगळ्यांच्या तोंडची म्हण, त्यामुळे तिथलं मूल लगेच हसतं. आपल्या मुलांना ते पाय कुठून आले हेच कळत नाही. तळटीप देऊ, मराठी म्हण घालू, की पाय गाळून टाकू?

श्रीरंग
तळटीप अजिबात नको. टीप वाचून हसलेलं मूल मला अजून भेटायचं आहे. आपल्याकडे ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ ही म्हण तयार आहे, तीच घाला: “काही खोट्यांच्या कपाळी गोटा बसतो, काहींचं नाक लांबतं.” कपाळ आणि नाक एकाच चेहऱ्यावर, त्यामुळे वाक्य जुळूनही येतं. वाचक मराठी आहे, त्याला मराठीतच हसू द्या.

सुलभाताई
श्रीरंग, म्हण घालायला माझी हरकत नाही, पण ही म्हण इथे बसत नाही. प्रसंग आठवा. परी विचारते, चार मोहरा कुठे आहेत? त्या पिनोक्कियोच्या खिशात असतात. तो म्हणतो हरवल्या, तेव्हा नाक दोन बोटं वाढतं. मग म्हणतो जवळच्या रानात हरवल्या, नाक आणखी वाढतं. शेवटी म्हणतो, तुमचं औषध पिताना चुकून गिळल्या. आता नाक इतकं लांब झालेलं असतं की मान वळवली तर ते भिंतीला नाही तर पलंगाला आपटतं. परी हसायला लागते. तो विचारतो, मी खोटं बोललो हे तुम्हाला कसं कळलं? त्याचं उत्तर म्हणून ते वाक्य येतं, आणि त्याची सुरुवातच आहे ‘खोटं लगेच ओळखू येतं, कारण…’ अशी.

आखूड पायांची म्हण पकडलं जाण्याची आहे: पाय आखूड, म्हणून लांब पळता येत नाही. गोट्याची म्हण शिक्षेची आहे. ‘लगेच ओळखू येतं, कारण कपाळी गोटा बसतो’ हे उत्तरच होत नाही. शिवाय परी तिथे हसते आहे, आणि गोटा घातला की ती दरडावल्यासारखी वाटते.

मृण्मयी, तुझी खरी अडचण ‘खोटं’ या शब्दात आहे असं मला वाटतं. इटालियन ‘बुजीया’ मोजता येते, एक बुजीया, दोन बुजीये. आपलं ‘खोटं’ मोजता येत नाही, म्हणून ‘दोन प्रकारचं खोटं’ म्हटलं की निबंधाचा वास येतो. ‘थाप’ घे. थाप मोजता येते, मुलांच्या तोंडची आहे आणि तिला पाय फुटले तरी खटकत नाही. “थापा लगेच ओळखू येतात, बाळा. काही थापांचे पाय आखूड असतात, त्या पळूच शकत नाहीत. आणि काही थापांचं नाक लांब असतं. तुझी थाप लांब नाकाची.” ‘पळूच शकत नाहीत’ एवढीच माझी भर. समजावणं वाक्यातच झालं, आणि आखूड-लांब ही जोडीही टिकली. ती जोडी गेली तर कोटीत काही उरत नाही.

तोरिनोकर
मी इथे तोरिनोत नोकरीला आहे. ऑफिसात प्रेझेंटेशनच्या आधी सहकारी म्हणतो, ‘इन बोक्का अल लूपो’, म्हणजे लांडग्याच्या तोंडात. उत्तर द्यायचं ‘क्रेपी’, मरो तो लांडगा. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली, म्हणाली असं अभद्र का बोलतात? अशा वेळी सरळ ‘शुभेच्छा’ लिहावं, असं माझं मत.

सुलभाताई
तोरिनोकर, तो ठरलेला वाक्प्रचार आहे. बोलणाऱ्याच्या मनात लांडगा नसतोच, म्हणून ‘शुभेच्छा’ चालेल. परीच्या वाक्यात कोल्लोदीने झोपलेली म्हण मुद्दाम जागी केली आहे, तिच्या पायांशेजारी समोर दिसणारं नाक ठेवलं आहे. तिथे नुसता अर्थ दिला तर विनोदच जातो.

आपटे सर
मला ही सगळी बदलाबदल धोक्याची वाटते. आज थाप, उद्या पिनोक्कियोला घडवणाऱ्या जेप्पेत्तोच्या टोपणनावाचं ‘पिठल्या’ कराल. मुलं त्याला पोलेंदीना म्हणून चिडवतात, कारण त्याचा केसांचा पिवळा टोप मक्याच्या पोलेंतासारखा दिसतो. तोस्कानातल्या गरीब म्हाताऱ्याच्या डोक्यावर पिठलं ठेवलंत, तर तो तोस्कानाचा राहील का? मुलं पिझ्झा-पास्ता खातात, पोलेंतासुद्धा शिकतील.

सुलभाताई
पोलेंदीनाबद्दल सर, पूर्ण मान्य. पण तिथे नाव राखता येतं, कारण टोप पिवळा आणि मक्याच्या लापशीसारखा, हे मूळ वाक्यच सांगतं. पुढे पिनोक्कियो ज्यातून घडतो त्या ओंडक्यातून ‘पोलेंदीना!’ असा आवाज येतो आणि जेप्पेत्तो व त्याचा सुतार मित्र हे दोघे म्हातारे एकमेकांचे टोप ओढेपर्यंत भांडतात, तेव्हा मुलाला सगळं माहीत असतं.

कोल्हा आणि मांजर हे दोन ठग पिनोक्कियोला मोहरा पेरायला ‘बार्बाजान्नींच्या देशात’ नेतात, तिथे मात्र हे चालणार नाही. बार्बाजान्नी म्हणजे गव्हाणी घुबड, आणि इटालियनमध्ये मूर्ख माणूससुद्धा. मराठीत ‘घुबडांचा देश’ लिहिलं की मुलाला अपशकुन दिसतो, स्मशान दिसतं. शब्दाला शब्द ठेवून अर्थ उलटा जातो. तिथे मी ‘बैलोबांचा मुलूख’ करीन. प्राणीही राहतो आणि खुळेपणाही.

श्रीरंग
गोट्याबद्दल पटलं. पण मग त्या देशातल्या शहराचं काय? ‘आक्कियाप्पाचित्रुल्ली’ हे नाव मराठी मूल वाचेपर्यंत गोष्ट संपेल.

सुलभाताई
ते बदलायलाच हवं. नावाचा अर्थच ‘खुळ्यांना पकडणारं’ असा आहे, आणि गंमत ही की पिनोक्कियो ते ऐकूनही सावध होत नाही. रस्त्यात केस झडलेली भुकेली कुत्री, लोकर कातरलेली कुडकुडणारी मेंढरं दिसतात, तरी नाही. वाचकाला आधी कळलं पाहिजे. ‘खुळेपकड’ कसं वाटतं?

केतकी
मी चित्रपटांची सबटायटल्स करते. दोन ओळींत समजावणं मावत नाही, म्हणून कोटी गाळते आणि पुढेमागे जागा मिळेल तिथे भरून काढते. सुलभाताई, तुमच्या ‘पळूच शकत नाहीत’ने परीचं वाक्य अडखळतं. नाकाशी पोचायच्या आधीच हसू विझतं. त्यापेक्षा म्हण आधी पेरा. तेराव्या प्रकरणात बोलणाऱ्या रातकिड्याचं भूत बजावतं की एका रात्रीत श्रीमंत करू म्हणणारे एक तर वेडे असतात नाही तर लबाड. तिथेच त्याच्या तोंडी ‘थापेचे पाय आखूड’ घाला. चार प्रकरणांनी परी बोलेल तेव्हा मुलाला म्हण ओळखीची असेल, आणि तिचं वाक्य कोल्लोदीइतकंच तुटक ठेवता येईल.

आपटे सर
म्हणजे लेखकाने न लिहिलेलं वाक्य त्याच्या पात्राच्या तोंडी? याला अनुवाद म्हणू नये. त्यापेक्षा तळटीप प्रामाणिक.

सुलभाताई
केतकी, लय अडखळते हे खरं आहे, मोठ्याने वाचल्यावर मलाही जाणवलं. रातकिडा तसाही उपदेशच करत असतो, त्यामुळे वाक्य तिथे परकं वाटणार नाही. तरी माझा हात धजावत नाही. वाक्याच्या आत चार शब्द वाढवणं मला चालतं, नवं वाक्य रचणं नाही. ही रेघ मी का ओढते हे मला नीट मांडता येणार नाही, पण ओढते.

मृण्मयी
‘थाप’ नक्की. पोलेंदीना तसाच, बैलोबा आणि खुळेपकडही घेते. परीच्या वाक्याचे दोन मसुदे केले आहेत, एक सुलभाताईंच्या चार शब्दांसकट आणि एक केतकीच्या पेरणीसकट. शनिवारी वाचनालयात मुलांच्या दोन गटांना प्रकरण वाचून दाखवणार आहे. दुसऱ्या गटाला तेरावं प्रकरणही आधी ऐकवावं लागेल, नाही तर तुलना खरी होणार नाही. सर, तळटीपेचा तिसरा मसुदा तुम्ही लिहून द्याल का? तोही वाचून बघते.