मदत हवी आहे: डिशवॉशरमधून ग्लास पांढुरके निघतात, मीठ भरलेलं आहे

मृणाल_इंदूर
डिशवॉशरमधून काचेचे ग्लास पांढरट थर घेऊनच बाहेर येतात. स्टीलची भांडी बरी निघतात. मीठ भरलंय, टॅब्लेटही चांगली वापरते. शनिवारी पाहुणे आहेत. काय करू?

विहिरीकाठी
लिंबू. टॅब्लेटऐवजी लिंबाच्या फोडी ठेवा, चकाचक होतील.

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
लिंबाने तेलकटपणा निघणार नाही, टॅब्लेट चालू द्या. मृणालताई, चार गोष्टी सांगा. पाणी नर्मदेचं की बोअरचं? टॅब्लेट 'ऑल इन वन' आहे का? रिन्स एड भरता का? आणि एका ग्लासला व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी चोळा. थर गेला तर तो क्षार आहे. नाही गेला तर काच झिजली आहे.

सोनाली_वि
आमच्या गीझरची कॉइलही दरवर्षी क्षाराने बसते. ती बदलायला कोणी माहितीतलं आहे का?

मृणाल_इंदूर
टाकीत दोन्ही पाणी एकत्र येतं, उन्हाळ्यात बोअरच जास्त. टॅब्लेट ऑल इन वन, म्हणून रिन्स एड घालत नाही. व्हिनेगरने बहुतेक ग्लास साफ झाले, दोन नाही झाले.

अभय_काका
टीडीएस मीटर लावा. नऊशे आला तर आरओचं पाणी जोडा, विषय संपला.

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
काका, टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार येतात. काचेवर बसतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, त्यासाठी कठीणपणा मोजायची पट्टी लागते. शिवाय आरओला पाणी फुकट जाईल ते वेगळंच. ताई, मीठ कधी भरलं होतं, आणि त्यातलं किती उरलंय?

मृणाल_इंदूर
दिवाळीत. झाकण उघडून पाहिलं, अजून तोंडापर्यंत आहे. मिठाचा दिवाही कधी लागला नाही. म्हणजे मीठ तर पुरेसं आहे ना?

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
खरी खूण हीच. मीठ संपतच नाही, म्हणजे सॉफ्टनर ते वापरतच नाही. मीठ पाण्याला थेट मऊ करत नाही. मऊ करतात आतले रेझिनचे दाणे. ते कॅल्शियम धरून भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा मोकळे करावे लागतात. हे धुणं किती वेळा करायचं ते मशीन कठीणपणाच्या सेटिंगवरून ठरवतं. बऱ्याच मॉडेलांत सेटिंग शून्यावर ठेवलं की सॉफ्टनर बंद होतो आणि मिठाचा दिवाही लागत नाही. 'टॅब्लेट वापरताय ना, मग झालं' म्हणत बसवणारे कधीकधी तसंच ठेवून जातात. ऑल इन वन टॅब्लेटमधला मिठाचा भाग साधारण २१ जर्मन अंश कठीणपणापर्यंतच पुरतो. स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्यात पट्टी बुडवून आकडा सांगा.

मृणाल_इंदूर
पट्टी मिळाली. ४५० मिग्रॅ प्रतिलिटर. सेटिंग खरंच शून्यावर होतं!

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिग्रॅ, तेव्हा ४५० भागिले १७.८, म्हणजे २५ अंशांच्या आसपास. पुस्तिकेतल्या तक्त्यात २५ ज्या पायरीत बसतो ती लावा. नर्मदेचं पाणी जास्त आलं तरी पायरी बदलू नका. मीठ थोडं जास्त खर्च होईल, एवढंच. लगेच फरक दिसणार नाही, रेझिन आधी धुतलं जायला हवं. काही फेऱ्यांनंतर टॅब्लेट न टाकता नुसतं रिन्स लावा, मध्येच थांबवून जाळीजवळच्या पाण्यात पट्टी बुडवा. आकडा नळापेक्षा बराच खाली हवा. आणि रिन्स एड वेगळं भरा, डोस मधला ठेवा. त्याने पाणी थेंब न होता पातळ पडद्यासारखं निथळतं. निळसर रेघा दिसल्या तर डोस कमी करा.

विहिरीकाठी
रिन्स एडच्या खणात व्हिनेगर घाला, स्वस्त पडतं. आणि मीठ घरचं आयोडीनचं चालतं, मीठ ते मीठच.

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
दोन्ही नको. व्हिनेगर रोज रबराच्या सीलवर बसतं, बहुतेक पुस्तिका त्याला मनाई करतात. घरच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ असतो, त्याने खण चोंदतो. खडा मीठ तर त्याहून वाईट; त्यात माती आणि कॅल्शियमच असतं. डिशवॉशरचं मीठ आणा, भरल्यावर सांडलेले दाणे पुसा आणि लगेच एक फेरी लावा, नाहीतर तळाच्या स्टीलवर डाग पडतात. झाकण घट्ट बसलं नाही तर खारं पाणी गळून पुन्हा पांढरट थर येतो, तो मात्र जिभेला खारट लागतो.

मृणाल_इंदूर
पायरी बदलली, रिन्स एड भरलं. आज जाळीजवळ पट्टीवर ७० आलं, नळाला अजून ४५०च. ग्लास बरेच स्वच्छ आहेत. ते दोन मात्र तसेच.

अभय_काका
त्यांना टूथपेस्ट चोळून पाहा.

जलतज्ज्ञ_राजेंद्रनगर
काका, काचेचा पृष्ठभागच खरवडला गेलाय, तो चोळून परत येत नाही. ताई, ते दोन ग्लास कोणत्या काचेचे आहेत, आणि ७० अंश तापमानाच्या प्रोग्रॅमवर लावत होता का?

सोनाली_वि
गीझरवालं कुणीच सांगितलं नाही.