मदत हवी आहे: परिपाठातल्या 'देश ओळखा' क्विझमध्ये क्लूचा क्रम कसा ठेवू?

सहावी-सातवीसाठी ५ मिनिटांची स्क्रिप्ट लिहितेय, एका देशाला तीन क्लू, गाडीवरचं देशाचं अक्षर, झेंडा आणि फोनचा कोड. प्रोजेक्टर नाहीये, त्यामुळे झेंडे चार्टपेपरवर आणि बाकी माईकवरून बोलूनच.

स्वित्झर्लंड मस्त जमला. आधी 'सीएच' म्हटलं की पोरं चीन ओरडतात, मग +41, शेवटी लाल चौकोनी झेंड्यावर पांढरा क्रॉस, आणि मग सांगायचं की सीएच म्हणजे देशाचं लॅटिन नाव, कॉन्फेडेरेशिओ हेल्वेटिका. स्पेनचंही तसंच, 'ई' म्हणजे एस्पान्या.

घोळ इंडोनेशियात झाला. घरी ट्रायल घेतली तेव्हा मी झेंडा आधी दाखवला, वर लाल खाली पांढरा, तर भाची म्हणाली मोनॅको, आणि ते चूक तरी कसं म्हणणार, दोन्ही झेंडे जवळपास सारखेच, फक्त लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं, जे मागच्या रांगेतून कोणाला दिसणारे! मग +62 आधी घेतला तर तिथेच उत्तर फुटलं, कारण मोनॅकोचा +377. कझाकस्तान तर काढूनच टाकला, +7 रशियालाही आहे.

इंडोनेशिया सोडायचा नाहीये, ती झेंड्याची गंमत हवीच आहे. गाडीवरचं अक्षर 'आरआय', म्हणजे रिपब्लिक इंडोनेशिया, ते आधी सांगून झेंडा मध्ये आणि कोड शेवटी ठेवला तर चालेल का, की झेंडा पहिलाच ठेवून मोनॅको म्हणणाऱ्यालाही अर्धा मार्क द्यावा?